डोक्यातला नायटा: शाम्पू केसाच्या आत का पोहोचत नाही

प्रश्न: आईचं वय ६१, तिला मधुमेह आहे. पाच महिने डोक्यात दोन ठिकाणी पांढरे पापुद्रे धरतात आणि तिथले केस मुळाशीच तुटतात. आधी कोंडा म्हणून शाम्पू दिला, मग सोरायसिस म्हणून लोशन. आता नव्या त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात की हा नायटा आहे, गोळ्या घ्याव्या लागतील. रोग डोक्याच्या कातडीवर आणि औषध पोटातून, हे पटत नाही. बुरशीचाच शाम्पू नेटाने लावला तर भागणार नाही का?

उत्तर: नाही भागणार. हा खरोखर नायटा असेल तर रोग फक्त कातडीवर नाही, केसाच्या आत आहे. हाता-पायावरच्या नायट्याला मलम पुरतं आणि डोक्यातल्याला पुरत नाही, तो याच एका फरकामुळे.

केस कातडीच्या तीन-चार मिलिमीटर खाली, एका नळीच्या तळाशी तयार होतो. तळाशी जिवंत पेशी असतात. त्या वर सरकताना कडक होतात, मरतात, आणि त्यांचं केरॅटिन बनतं. नायट्याची बुरशी हे मेलेलं केरॅटिनच खाते, जिवंत पेशींत ती शिरू शकत नाही. ती नळीच्या तोंडाशी रुजते, केसाच्या कडेने खाली उतरते, वरचं खवल्यांचं आवरण भेदून आत घुसते आणि केसाच्या आतून तळाकडे वाढत जाते. जिथे केरॅटिन पुरतं कडक झालेलं नसतं, तिथे येऊन थांबते. या सीमेला आमच्याकडे ‘ॲडमसनची झालर’ म्हणतात.

गंमत अशी की केस रोज साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वर येत असतो आणि बुरशी त्याच वेगाने खाली वाढत असते. सरकत्या जिन्यावरून कोणी उलटं उतरत राहिलं तर तो माणूस जागच्या जागीच दिसेल, तसंच हे. वरचा तुकडा तुटून पडला तरी बुरशी तळाशी कायम राहते, आणि नवा बनणारा प्रत्येक मिलिमीटर तिच्या तोंडी जातो.

आता शाम्पूचं बघा. केटोकोनाझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुतात. तो पापुद्रे सुटे करतो, कातडीवरचे आणि केसांच्या बाहेरचे बीजाणू मारतो किंवा धुऊन काढतो. पण नळीत तीन मिलिमीटर खाली, तेही केसाच्या आवरणाच्या आत, तो पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. मग रुग्ण सांगतात, ‘शाम्पू लावला की आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा सुरू होतं.’ त्यांचं म्हणणं खरं असतं. आठवडाभर पृष्ठभाग साफ राहतो, तळातून बुरशी पुन्हा वर पसरते. शाम्पू आठवड्यातून दोनदाऐवजी रोज लावला तरी हे अंतर कमी होत नाही.

गोळी बरोबर उलट्या वाटेने येते. औषध रक्तातून केसाच्या मुळाशी जातं आणि नव्या बनणाऱ्या केरॅटिनमध्येच उतरतं. टर्बिनाफिन तेलग्रंथींच्या स्रावातूनही कातडीवर येतं. खालून येणारा नवा केस औषध घेऊनच वर चढतो, झालरीपाशी बुरशीचं अन्न तुटतं, आणि जुना बाधित तुकडा महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने बाहेर ढकलला जातो. उपचार आठवड्यांच्या हिशेबाने का चालतो याचं उत्तर इथेच आहे: औषध कितीही चांगलं असलं तरी केसाला वर यायला त्याचा वेळ लागतोच.

या रोगाचा इतिहासही हेच सांगतो. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ साली एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळं काढलं गेलं, पण पोटातून घ्यायचं नायट्याचं औषध म्हणून ते १९५८ च्या सुमारास वापरात आलं. त्याआधी डॉक्टरांच्या हाती मलमं, रंग, लेप होतेच, पण ते पुरेसे पडत नव्हते. म्हणून मुलांच्या डोक्यांवर क्ष-किरण सोडून सगळे केस मुळासकट गळवत असत. बुरशी केसात आहे तर केसच काढा, असा तो हिशेब. त्या मुलांपैकी काहींना पुढे किरणांमुळे गाठी आणि कर्करोग झाले. वरून लावायच्या औषधाने काम झालं असतं तर कोणी त्या वाटेला गेलंच नसतं.

पाच महिने निदान चुकलं याचा राग येणं साहजिक आहे, पण त्याला कारणही आहे. डोक्यातला नायटा हा मुलांचा आजार म्हणून शिकवला जातो. वयात आल्यावर डोक्याच्या कातडीतून जे तेल पाझरतं, त्यातली काही स्निग्धाम्लं या बुरशीला वाढू देत नाहीत, त्यामुळे मोठ्या माणसांत तो कमी दिसतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत हे तेल कमी होतं. त्यात मधुमेह असला, स्टिरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर रोगाला वाट मिळते. साठीतल्या बाईच्या डोक्यात पापुद्रे दिसले की डॉक्टरांच्या मनात आधी कोंडा येतो, मग सोरायसिस. नायटा तिसरा किंवा चौथा आठवतो, कधी आठवतच नाही.

तुमच्या आईसारख्याच एका रुग्णाचं सांगतो. ६३ वर्षांच्या बाई, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू. टाळूवर सात महिन्यांचा चट्टा, तळहाताएवढा. आधी कोंड्याचा शाम्पू, मग क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं लोशन झालेलं. लोशनने दहा दिवसांत खाज थांबली, म्हणून त्या खूश होत्या. पण चट्टा रुंदावत गेला. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबतं, म्हणजे शरीर बुरशीशी जे भांडत असतं तेच थांबवतं. लाली जाते, कडा पुसट होते, रोग ओळखूही येईनासा होतो.

त्यांनी मला आधी टॉवेल दाखवला. पांढऱ्या टॉवेलवर काळे बारीक ठिपके होते, मिरपूड सांडल्यासारखे. ते तुटके केस होते. डोक्यावर भिंगाच्या दिव्याने, दहापट मोठं करून बघितलं तर चट्ट्यात केसांचे खुंट स्वल्पविरामासारखे वाकलेले दिसले, दोन-तीन तर बूच काढायच्या स्क्रूसारखे पिळलेले. काही ठिकाणी केस कातडीच्या पातळीवरच तुटून नुसता काळा ठिपका उरला होता. असे ठिपके देणारी बुरशी केसाच्या आत बीजाणू ठासून भरते. केस आतून पोखरला जातो आणि बाहेर येताच मोडतो. कोंड्यात हे होत नाही. सोरायसिसमध्ये पापुद्रे जाड आणि चांदीसारखे असतात, पण केस सहसा असे मुळाशी मोडत नाहीत. चाईमध्ये केस जातात, पण कातडी गुळगुळीत राहते, पापुद्रा नसतो.

मी चिमट्याने सहा-सात खुंट उपटले. नायट्याचा केस ओढला की न दुखता अलगद येतो, निरोगी केस ओढताना माणूस आई गं म्हणतो. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून थोडा वेळ ठेवलं. त्याने केरॅटिन विरघळून पारदर्शक होतं आणि बुरशी उघडी पडते. खरवडलेल्या पापुद्र्यात काहीच दिसलं नाही, कारण बाईंनी दोनच दिवसांपूर्वी बुरशीच्या शाम्पूने डोकं धुतलं होतं. खुंटांत मात्र केसाच्या आत गोल बीजाणूंच्या माळा गच्च भरलेल्या. फक्त पापुद्रा पाठवला असता तर अहवाल ‘बुरशी नाही’ असा आला असता आणि लोशन पुढे चालू राहिलं असतं. एक लांब, चांगला दिसणारा केस उपटून पाठवणं ही दुसरी नेहमीची चूक. रोग खुंटात असतो.

वूड्स लॅम्पच्या जांभळ्या प्रकाशात काही चमकलं नाही. यावरून नायटा नाही असं समजू नका. मांजर-कुत्र्याकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस हिरवी चमकते, पण केसाच्या आत वाढणाऱ्या ट्रायकोफायटॉन टोन्सुरन्स आणि व्हायोलेसियम या दोन्ही जाती चमकत नाहीत. या बाईंच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात त्या तपासणीत, चौथ्या आठवड्यात जांभळी, सुरकुतलेली वाढ आली, म्हणजे व्हायोलेसियम. ही जात हळू वाढते. सूक्ष्मदर्शकात बुरशी दिसल्यावर कल्चरसाठी महिनाभर थांबायचं नसतं, उपचार त्याच दिवशी सुरू करतात. पण कल्चर लावायचं मात्र जरूर, कारण औषधाची निवड जातीवर ठरते.

बाईंना टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, असं दिलं. त्याआधी यकृताची रक्ततपासणी केली आणि त्यांच्या फिजिशियनशी बोललो. टर्बिनाफिन यकृतातलं एक विकर अडवतं, त्याने मेटोप्रोलॉल रक्तात साठतं आणि नाडी मंदावू शकते. त्यांनी घरी रोज नाडी मोजून लिहून ठेवायचं ठरलं. लोशन त्याच दिवशी बंद.

सहाव्या दिवशी फोन आला: मानेवर, कानामागे आणि दंडांवर खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठल्यात, गोळीची ॲलर्जी झाली, मी बंद केली. बघितलं तर ताप नाही, तोंडात-डोळ्यांत काही नाही. बुरशी मरायला लागली की शरीर तिच्या तुकड्यांवर प्रतिक्रिया देतं आणि दूर कुठेतरी असं पुरळ येतं. ते औषधाचं नसतं. उलट उपचाराची सुरुवात लागू पडल्याची ती खूण असू शकते, आणि नेमकी तेव्हाच गोळी बंद होते. खाजेची गोळी दिली, टर्बिनाफिन पुन्हा सुरू केलं, आठवड्यात पुरळ मावळलं. मात्र हा फरक घरी ठरवू नका. ताप, ओठांवर किंवा डोळ्यांत जखमा, चेहऱ्यावर सूज, अंगभर पसरणारं लाल पुरळ यांपैकी काहीही असलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

चार आठवड्यांनी पापुद्रे गेले, खाज गेली. बाई म्हणाल्या, झालं की! भिंगाखाली अजून दोन वाकडे खुंट होते. सहा आठवडे पूर्ण केले, मग खुंट दिसेनात आणि पुन्हा केलेलं कल्चरही स्वच्छ आलं. खाज थांबणं ही बरं झाल्याची खूण नव्हे, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. तीन महिन्यांत चट्टा केसांनी भरला, मधला नाण्याएवढा भाग तेवढा विरळ राहिला. तिथे सूज फार दिवस राहून केसांची मुळं गेली होती.

आणि हो, त्यांची सात वर्षांची नात. तिच्याही डोक्यात ‘कोंडा’ होता आणि आजी दोघींचे केस एकाच कंगव्याने विंचरायच्या. नातीच्या नमुन्यात तीच बुरशी निघाली. कोणी कोणाला दिली ते सांगता येत नाही, पण नातीला वजनाप्रमाणे गोळी दिली नसती तर आजीचा रोग परत आला असता.

तुमच्या आईकडे येऊ. मधुमेहामुळे टर्बिनाफिन बंद होत नाही, पण मधुमेहाने मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर प्रश्न येतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ५० मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. म्हणून यकृतासोबत क्रिएटिनिनही मागा. आई ज्या गोळ्या घेते त्या सगळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, विशेषतः रक्तदाबाच्या, नैराश्याच्या आणि कोलेस्टेरॉलच्या. टर्बिनाफिनने काहींची जिभेची चव महिनाभर किंवा जास्त जाते, ती सहसा परत येते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली तर गोळी थांबवून यकृताची तपासणी.

कल्चरमध्ये मायक्रोस्पोरम आलं तर चित्र बदलतं. त्याच्यावर टर्बिनाफिन तितकंसं चालत नाही, तिथे ग्रिसिओफुल्विन किंवा इट्राकोनाझोल विचारात घेतात. ग्रिसिओफुल्विन बुरशी मारत नाही, तिची वाढ रोखतं आणि नव्या केसाला तिच्यापासून वाचवतं, म्हणून बाधित केस पूर्ण बाहेर येईपर्यंत ते चालू ठेवावं लागतं, सहसा सहा ते आठ आठवडे, कधी जास्त. ते स्निग्ध जेवणाबरोबरच घ्यायचं, रिकाम्या पोटी फार कमी शोषलं जातं. इट्राकोनाझोल हृदय कमकुवत असलेल्यांना देत नाहीत, आणि सिमवास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. केटोकोनाझोलच्या गोळ्या यकृताला होणाऱ्या इजेमुळे नायट्यासाठी आता वापरत नाहीत. त्या औषधाचा शाम्पू मात्र सुरक्षित आहे.

शाम्पू टाकून द्या असं मी म्हणत नाही. गोळीच्या जोडीला, आठवड्यातून दोन-तीनदा, फेस करून पाच मिनिटं ठेवून धुतलेला केटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू बीजाणू झडणं कमी करतो, त्यामुळे घरातल्यांना लागण व्हायचा धोका उतरतो. त्याचं काम रुग्णापेक्षा शेजारच्या डोक्यांसाठी जास्त आहे. घरातल्या लहान मुलांची डोकी भिंगाने तपासून घ्या, पापुद्रा नसला तरी. कंगवे, टोप्या, केस कापायचं मशीन, उशीची खोळ वेगवेगळी ठेवा आणि जुना कंगवा सरळ फेका, धुवायच्या भानगडीत पडू नका. घरात मांजराचं पिल्लू असेल आणि त्याच्या अंगावर केस गेलेले चट्टे असतील तर त्यालाही दाखवा.

चट्टा एकदम सुजून मऊ, पू गळणारा झाला तर त्याला गळू समजून कोणाला चिरू देऊ नका. तोही नायट्याचाच भडका असतो, चिरून फायदा होत नाही, वण मात्र राहतो. त्यावरही मुख्य उपचार गोळ्यांचाच.

आईची तपासणी झाली की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर गोळी सुरू करण्याआधी करून घ्या, कारण निदान आधीच एकदा नव्हे, दोनदा बदललंय आणि केस मोडणारे दुसरेही आजार आहेत. त्याआधी आठवडाभर बुरशीचा शाम्पू बंद ठेवा, साध्या शाम्पूने धुतलं तर चालेल. स्टिरॉइडचं लोशन आजच थांबवा, पण थांबवल्यावर आठ-दहा दिवस लाली आणि खाज वाढेल, त्याने घाबरून पुन्हा लावू नका. आणि नमुना घेताना सांगा की पापुद्रा नुसता खरवडू नका, तुटके खुंटही उपटून घ्या.